बोलतानाचे 'आं', 'म्हणजे' आणि लांबलेले पॉज कापायचे कसे, की उडी दिसणार नाही?

देवगडची_लेक

नमस्कार मंडळी. माझे मामा हापूसच्या बागेवर माहिती सांगतात आणि मी त्याचे व्हिडिओ करते. पडवीत खुर्ची, समोर ट्रायपॉडवर मोबाइल, शर्टाला कॉलर माइक. १०८० मध्ये, ३० फ्रेमने रेकॉर्ड होतं. कॅमेरा एकच. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत.

मामांना विषय तोंडपाठ आहे, पण बोलताना थांबत, अडत, 'आं' करत बोलतात. वीस-बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यात कामाचं बारा-तेरा मिनिटं. सगळे 'आं' आणि पॉज कापले की मान टकटक उडते आणि मामा दम न घेता बोलतायत असं वाटतं. नाही कापले तर लोक दुसऱ्या मिनिटाला निघून जातात.

नमुन्याला एक तुकडा देते. अठरा सेकंदांचा आहे, कंसात थांबे लिहिलेत:

"तर काय आहे की (जवळजवळ एक सेकंद) आं (अर्धा सेकंद) मोहोर यायच्या आधी म्हणजे (दीड सेकंद) आधी झाडाला ताण बसायला पाहिजे (अर्धा) म्हणजे पाणी तोडायचं. (सव्वा सेकंद, श्वास) आणिऽऽऽ (अर्धा) ते हे (अर्धा) कल्टार जे आपण घालतो, ते पावसाळ्यात."

तुम्ही हा तुकडा कसा कापाल? नेमकं कुठे ते सांगा, 'सरावाने येतं' नको. :)

पायथॉन_पंत

हाताने कशाला करता? `auto-editor` नावाचा प्रोग्रॅम आहे, कमांड लाइनवर चालतो. आवाज जिथे ठरावीक पातळीच्या खाली जातो ते सगळं आपोआप उडवतो.

```
auto-editor mama.mp4 --margin 0.2sec
```

`--margin` म्हणजे बोलण्याच्या आधी-नंतर किती जागा सोडायची ते. बावीस मिनिटांची फाइल चहा होईपर्यंत तयार. मी माझे सगळे स्क्रीन रेकॉर्डिंगवाले क्लास असेच करतो, आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

नानासाहेब

पोरी, मामांना सांग की बोलण्याआधी मुद्दे कागदावर लिहून ठेवायचे आणि 'आं' आला की तिथेच तोंड मिटायचं. आम्ही सभांमध्ये असंच शिकलो. आणि प्रत्येक वाक्यानंतर रेकॉर्डिंग पॉज करून पुढचं वाक्य नीट ठरवून मग बोलावं. म्हणजे मागाहून कापायचा प्रश्नच येत नाही.

देवगडची_लेक

@नानासाहेब, कागद दिला की मामा वाचायला लागतात आणि सातवीच्या वर्गातल्यासारखे बोलतात. कागद बंद केलाय. :)
@पंत, स्क्रीनवर चेहरा नसेल तर चालेल हो ते. माझ्याकडे चेहराच आहे सगळा.

कातरवाला

मी मुलाखती आणि माहितीपटांचं एडिटिंग करतो. तुकडा छान दिलात, म्हणून नेमकंच सांगता येईल.

आधी नानांच्या सूचनेबद्दल. वाक्यागणिक रेकॉर्डिंग थांबवलं तर मामा दर वेळी नव्याने बसतात, आवाजाची पट्टी नव्याने लागते आणि प्रत्येक वाक्याला एक उडी पक्की मिळते. सलग रेकॉर्डिंगमध्ये निदान दोन थांब्यांच्या मधली मान जवळपास तिथेच असते. सलगच घ्या.

आता तुमचा तुकडा. मी चित्राकडे न बघता सुरुवात करतो. डोळे मिटून फक्त ऐकायचं आणि आधी शब्द ठरवायचे. सुरुवातीचं 'तर काय आहे की… आं' पूर्ण गेलं, सरळ 'मोहोर'पासून सुरू. त्याने इथेच साडेतीन सेकंदांच्या आसपास वाचले, तेही जवळजवळ फुकटात.

पुढे तुमच्याकडे 'म्हणजे' दोनदा आहे. पहिलं अडखळण्याचं, ते जाईल. दुसरं 'म्हणजे पाणी तोडायचं' हे खरं 'म्हणजे' आहे, ताण बसणे याचा अर्थ मामा तिथे सांगतायत. त्याला हात लावायचा नाही. सगळे 'म्हणजे' शोधून उडवणारा माणूस इथे फसतो.

पहिलं 'म्हणजे' काढायला मात्र नीट जागा नाही, कारण मामा 'आधीम्हणजे' असं जोडून बोलले असणार. दोघांच्या मध्ये शांतता नसते, 'धी'चा ई सरळ 'म' मध्ये शिरतो. तिथे कापलं की 'आधीम्' असं शेपूट राहतं नाहीतर 'आधी' लंगडं होतं. पण मामांनी 'आधी' परत म्हटलंय, आणि तीच तुमची सोय. पहिल्या 'आधी'तला 'आ' ठेवा आणि 'धी' दुसऱ्या 'आधी'तला घ्या. 'ध' म्हणताना जीभ दातांना टेकते, तेवढ्या क्षणी आवाज एकदम बारीक होतो. वेव्हफॉर्म मोठा करून बघितलात की 'आ'च्या फुगवट्यानंतर एक चिंचोळी खाच दिसेल. दोन्ही ठिकाणच्या त्या खाचेत कापायचं आणि जोडायचं. 'प', 'त', 'क', 'ट' अशा अक्षरांच्या आधीही ही खाच असते, 'त', 'क' मध्ये तर पूर्ण शांतता. अडखळून परत म्हटलेला शब्द दिसला की मी आधी त्याच्या पोटात असं अक्षर आहे का बघतो.

एक धोका आहे. पहिलं 'आधी' लोंबकळत्या सुरात असतं आणि दुसरं नव्या जोमाने वर उचललेलं. जोडल्यावर शब्दाच्या मध्येच सूर चढल्यासारखा वाटला तर ही युक्ती सोडून द्या, अख्खं दुसरं 'आधी' घ्या आणि 'यायच्या' नंतर पाव सेकंद मोकळा ठेवा. ऐकणाऱ्याला तो स्वल्पविराम वाटेल.

'पाहिजे' नंतरचा अर्धा सेकंद जसा आहे तसा ठेवा. 'तोडायचं' नंतरचा सव्वा सेकंद अर्ध्या-पाऊण सेकंदावर आणा, पण शांतता कापा, श्वास नाही. पुढच्या वाक्याआधी घेतलेला श्वास पूर्ण ठेवायचा. अर्धा कापलेला श्वास कानाला लगेच खटकतो आणि श्वास पूर्ण काढला की मामा गुदमरल्यासारखे वाटतात. 'दम न घेता बोलतायत' असं तुम्ही लिहिलंय त्याचं कारण बहुधा हेच.

मग 'आणिऽऽऽ ते हे'. 'ते हे' गेलं. 'आणि'बद्दल खाली लिहितो, आधी जेवून येतो.

पॉडकास्टवाला_ठाणे

कातरवाला, 'ध' ची युक्ती भारी. वाचनखूण साठवली.

माझ्याकडे फक्त आवाज असतो, मी ऑडॅसिटीत `Truncate Silence` वापरतो. ताई, तुम्हीही आधी ऑडिओ वेगळा काढून त्यावर ते चालवू शकता.

पायथॉन_पंत

@पॉडकास्टवाला, आणि मग व्हिडिओचं काय? ऑडिओ तेरा मिनिटांचा आणि चित्र बावीस मिनिटांचं. ओठ रत्नागिरीत, आवाज देवगडात.

पॉडकास्टवाला_ठाणे

हा हा, खरं आहे. चेहऱ्याचा विचारच केला नाही.

कातरवाला

आलो. 'आणिऽऽऽ'.

मराठीत बरेच शब्द स्वराने संपतात, त्यामुळे आपण विचार करताना वेगळा 'आं' म्हणण्याऐवजी पुष्कळदा आधीच्या शब्दाचा स्वरच ताणतो. 'आणिऽऽ', 'मगऽऽ', 'तेऽऽ'. हे दोन शब्दांच्या मध्ये नसतं, शब्दाच्या आतच असतं, म्हणून शांतता शोधणारा कुठलाही प्रोग्रॅम त्याला हात लावत नाही. पंतांच्या कमांडने 'आणिऽऽऽ' जसंच्या तसं राहील, फक्त आजूबाजूचे थांबे जातील, आणि मग तो ताणलेला ई आणखीच उघडा पडेल.

त्याला स्वराच्या आत कापावं लागतं. 'णि' सुरू झाल्यावर पहिला थोडा भाग ठेवा, शेवटी आवाज विरतो तो भाग ठेवा आणि मधला सपाट पट्टा काढा. दोन टोकांवर साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. सूर दोन्हीकडे सारखा असेल तर जोड ऐकू येत नाही. ताणलेल्या स्वराच्या शेवटी सूर बरेचदा घसरतो, तसं असेल तर मधून थोडं कमी काढा. आणि गंमत म्हणजे चित्राला हीच जागा सर्वात सोपी असते. ई ताणताना तोंड हलत नाही, मानही बहुतेक स्थिर असते. कट झाला हे तुम्हालाच नंतर सापडणार नाही.

आता एक तांत्रिक अडचण. ३० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. 'ध' ची खाच त्याहून बारीक असू शकते. एडिट पानावर कट फ्रेमच्या टोकालाच पडतो, त्यामुळे नेमकी जागा हुकते. चित्र फ्रेमवर कापा आणि आवाजाची टोकं फेअरलाइट पानावर मोठी करून बारीक सरकवा. आणि एकही जोड क्रॉसफेडशिवाय ठेवू नका. साध्या जोडाला १० ते २० मिलिसेकंद पुरतात, नाहीतर टिक् असा आवाज राहतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो कळत नाही, इयरफोनवर कळतो.

हिशोब केला तर तुमचे अठरा सेकंद साधारण नऊवर येतात आणि चित्रात फक्त दोन कट पडतात, 'आणि' ठेवून आत कापलंत तर एखाद-दुसरा जास्त. सगळे थांबे कापत गेला असता तर सात-आठ पडले असते.

तिसरी_घंटा

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? आम्ही शॉर्टफिल्मला जे-कट, एल-कट करतो. पुढचा आवाज आधी सुरू करा, चित्र मागून येऊ दे. उडी आपोआप लपते. कुठल्याही कटला चालतं.

देवगडची_लेक

हे मी करून पाहिलंय, पण ओठ विचित्र दिसतात. माझ्याच हातून काही चुकतंय का?

कातरवाला

तुमचं काही चुकत नाहीये. जे-कट दोन माणसांच्या संभाषणात चालतो, कारण आवाज येत असताना चित्रात ऐकणारा असतो, बोलणारा नाही. तुमच्याकडे कटच्या दोन्ही बाजूंना तेच तोंड आहे. आवाज पुढे ओढलात की मिटलेल्या ओठांतून शब्द बाहेर पडतात. दोन फार तर तीन फ्रेमपर्यंत डोळा माफ करतो, त्यापुढे नाही. 

तेवढ्याचाही उपयोग आहे म्हणा. वाक्याच्या सुरुवातीचा श्वास पुढच्या चित्रावरून मागच्या चित्रावर दोन फ्रेम सरकवला की कान आणि डोळा यांना एकाच क्षणी धक्का बसत नाही. पण तिसरी घंटा म्हणतात तसं 'कुठल्याही कटला' नाही. मध्ये मोहोराचा, फांदीचा शॉट टाकला तर मात्र खाली हवं तेवढं कापा. हापूसची बाग आहे, शॉट्सना तोटा नसावा. फक्त बोलण्याशी जुळणारे हवेत. 'पाणी तोडायचं' चालू असताना पिकलेला आंबा नको.

तिसरी_घंटा

मान्य. एकाच कॅमेऱ्याचं आहे हे निसटलं माझ्याकडून. मग झूम करा. एका कटला मूळ फ्रेम, दुसऱ्याला जरा जवळ.

कातरवाला

झूम चालतो, पण 'जरा' नको. चार-पाच टक्के मोठं केलंत तर बघणाऱ्याला वाटतं कॅमेऱ्याला धक्का लागला. वीस टक्क्यांच्या आसपास गेलात की मेंदू त्याला दुसरा शॉट समजतो. तुमचं रेकॉर्डिंग १०८०चं आहे, म्हणून ११५ ते १२० टक्क्यांच्या पुढे गेलात की चेहरा मऊ दिसायला लागेल. पुढच्या वेळी मोबाइल ४के वर ठेवा आणि टाइमलाइन १०८० ची, म्हणजे दुप्पट जवळ गेलात तरी बिघडत नाही.

झूम केल्यावर डोळे पडद्यावर पूर्वी होते त्याच उंचीला आणायचे. नुसतं मध्यावरून मोठं केलं तर डोळे वर सरकतात आणि बघणाऱ्याची नजर शोधत राहते. आणि आकार मुद्दा बदलला की बदला, प्रत्येक कटला नाही. पाण्याचा ताण झाला, आता कल्टार, इथे जवळ या. पुढचा मुद्दा येईपर्यंत तिथेच राहा. मुद्द्याच्या आतले कट याने लपणार नाहीत, ते मान जुळवून लपवायचे.

सई_मेलबर्न

मान जुळवायची म्हणजे कशी? मी आईच्या पाककृतींचे व्हिडिओ करते, तिचंही असंच आहे. ती तर हातही खूप हलवते.

कातरवाला

कट थांब्यात असेल तर कापायची नेमकी जागा तुमच्या हातात असते. थांबा दीड सेकंदाचा, ठेवायचा अर्धा, म्हणजे कोणता अर्धा ठेवायचा हे तुम्ही ठरवता. मी डावीकडचं टोक फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघतो, मग उजवीकडचं मागे. मान, खांदे आणि भुवया जवळपास तिथेच आहेत अशी जोडी बहुतेक वेळा सापडते. नाही सापडली तर पापणी शोधा. माणूस विचार संपवताना पुष्कळदा डोळे मिचकावतो. डावीकडे मिटते डोळे आणि उजवीकडे उघडते डोळे जोडले की मान बोटभर सरकलेली असली तरी चालून जाते. एका बाजूला अर्धवट मिटलेले आणि दुसऱ्या बाजूला टक्क उघडे असं जोडलंत तर मात्र फार वाईट दिसतं.

हात हलत असतील तर हाताच्या हालचालीच्या मध्ये कापू नका. हात खाली येऊन टेकला तिथे कापा. आईच्या हातात पळी असेल तर काम आणखी सोपं. ती कढईकडे बघेल तेव्हा तुम्हीही कढई दाखवा.

पायथॉन_पंत

रिझॉल्व्हमध्ये `Smooth Cut` नावाचं ट्रान्झिशन आहे, प्रीमिअरमध्ये `Morph Cut`. दोन फ्रेमच्या मधले चेहरे ते स्वतः बनवतात. ते टाकलं की जुळवाजुळव कशाला?

कातरवाला

मीही वापरतो, पण जुळवल्यानंतर. मान थोडीशीच सरकलेली असेल, मागची भिंत स्थिर असेल, तर चार-सहा फ्रेमचं `Smooth Cut` जादू करतं. फरक जास्त असला की गाल वितळल्यासारखे होतात, चष्म्याची दांडी दोन ठिकाणी दिसते, आणि हात असेल तर त्याचा धूर होतो. मागे माडाच्या झावळ्या हलत असतील तर त्याही लाटेसारख्या वळतात. बसलं की नाही हे बघायला तो भाग फ्रेम-फ्रेम पुढे न्या, कारण वेगात बघताना 'काहीतरी झालं' एवढंच कळतं आणि आपण सोडून देतो.

शिवाय हे लांब ठेवलंत तर बोलत्या तोंडावर चढतं. थांब्यातच बसलं पाहिजे.

बागायतदार_वाडा

व्हिडिओतलं मला काही कळत नाही, बागेतलं कळतं. एक सांगतो. कल्टारबद्दल बोलताना आम्ही 'साधारण', 'शक्यतो', 'जमिनीत ओल असेल तर' असं बोलतो. ते अडखळणं नाही. औषध जुलै-ऑगस्टच्या दरम्यान घालतात, पण पाऊस कसा आहे, झाड केवढं आहे, गेल्या वर्षी किती धरलं होतं, त्यावर असतं. तुम्ही 'साधारण' कापलंत आणि कोणी तारीख धरून बसला तर? आणि 'घालायचं… पण…' यातला 'पण' कापू नका म्हणजे झालं.

देवगडची_लेक

काका, हे बरं सांगितलंत. कालच एका ठिकाणी मामा म्हणतात, "घालायचं, पण… आं… पण ओल असेल तरच." मी दोन्ही 'पण' आणि 'आं' एकदम काढायला निघाले होते. 

कातरवाला

तिथे तर एक 'पण' आणि त्याच्या आधीचा थांबाही ठेवा. सूचनेच्या आधी माणूस थांबतो तेव्हा ऐकणारा सावध होतो. सगळे थांबे एकाच मापाचे केले की कुठलं वाक्य महत्त्वाचं हे कळत नाही. पंतांच्या `--margin` चा माझ्या मते खरा तोटा हा आहे. प्रत्येक ठिकाणी दोन्हीकडे ०.२ सेकंद सोडले की सगळे थांबे सारखे होतात, आणि अशा लयीत बोलणारा माणूस नसतो. मी वाक्याच्या आत पाव सेकंदाच्या आसपास ठेवतो, वाक्य संपलं की अर्धा-पाऊण, मुद्दा संपला की एक सेकंद किंवा जास्तही. मोजून नाही, कानाने. मोजलं की साधारण एवढं निघतं.

पायथॉन_पंत

बरं, थांबे सारखे होतात हे मान्य. पण शोधण्यापुरता तरी कॉम्प्युटर वापरा की. हे कापत काही नाही, फक्त लांब थांबे कुठे आहेत त्याची यादी देतं:

```
ffmpeg -i mama.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=0.8 -f null -
```

`silence_start`, `silence_end` अशा ओळी येतील. ०.८ सेकंदांपेक्षा लांब तेवढेच दाखवेल.

कातरवाला

हे उत्तम. यादी घ्या, निर्णय हाताने घ्या. एवढंच की मोबाइल स्वतःच आवाजाची पातळी वर-खाली करत असेल तर थांब्यात तो पंखा, पक्षी सगळं वर खेचतो आणि थांबा थांबा म्हणून सापडतच नाही. यादी संशयास्पद छोटी आली तर `-35dB` ऐवजी `-30dB` देऊन बघा. पण हाच आकडा कापायला वापरला तर वाक्याच्या शेवटचे बारीक आवाज गळतात. 'आहे'तला 'हे', 'नाही'तला 'ही'. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि तिथेच आवाज खाली गेलेला असतो. 'नाही'चं 'ना' झालं तर अर्थच गेला.

पॉडकास्टवाला_ठाणे

आवाजाचं अजून एक, हे मात्र माझ्या क्षेत्रातलं आहे. पडवीत मागचा आवाज असणारच. मामांना बसल्या जागी अर्धा मिनिट गप्प बसवून ती शांतता रेकॉर्ड करा आणि अख्ख्या व्हिडिओखाली बारीक ठेवा. थांबा वाढवायचा असेल तेव्हा तीच वापरता येते. रिकामी जागा सोडलीत तर आवाज एकदम मेल्यासारखा होतो, आणि ते 'आं' पेक्षा जास्त टोचतं. पंखा मात्र बंद करा, त्याची घरघर चक्रात असते आणि कट झाला की चक्र तुटतं.

कोकिळा ओरडत असेल तर देवच राखो.

नानासाहेब

मला वाटलं होतं प्रश्न वक्तृत्वाचा आहे, आत्ता कळलं. तरी एक विचारतो, 'तर काय आहे की' हे त्यांचं पालुपद असेल ना? गावातले लोक त्यावरूनच ओळखत असतील. सगळीकडे काढलंत तर मामाच हरवतील.

सई_मेलबर्न

+१. आई 'बरं का' म्हणते ते मी मुद्दाम ठेवते. एका व्हिडिओत सगळे काढले होते तर मावशीचा फोन आला, "ताईला बरं नाहीये का?"

कातरवाला

नाना, ठेवा की. व्हिडिओच्या सुरुवातीला एकदा आणि नवा मुद्दा सुरू होताना एखादवेळा. मी वर पहिलं काढलं ते त्याच्या मागे दीड सेकंद थांबा आणि 'आं' आहे म्हणून. 'आं' नसलेलं एखादं स्वच्छ 'तर काय आहे की' बावीस मिनिटांत कुठेतरी असेलच, ते ठेवा.

तिसरी_घंटा

'आणि' ठेवायचं की काढायचं हे मात्र राहिलंच. माझं मत काढा. "म्हणजे पाणी तोडायचं. कल्टार जे आपण घालतो, ते पावसाळ्यात." स्वच्छ आहे.

कातरवाला

मी ठेवीन. 'आणि' गेलं की कल्टार हा पाण्याच्या ताणाचाच भाग वाटतो. ठेवलं की वेगळी गोष्ट सुरू झाली हे कळतं.

तिसरी_घंटा

त्यासाठी झूम आहे ना? तुम्हीच म्हणालात, मुद्दा बदलला की जवळ या.

कातरवाला

अर्धे लोक व्हिडिओ लावून काम करतात, बघत नाहीत. त्यांना झूम ऐकू येत नाही.

बागायतदार_वाडा

बागेत तर आम्ही ऐकतोच फक्त.

देवगडची_लेक

दोन्ही करून पाहिलं. 'आणि' ठेवून स्वर आतून कापला, जोड खरंच ऐकू येत नाही. 'आधी'ची युक्ती मात्र जमली नाही. सूर चढला, कातरवाल्यांनी बजावलं होतं तसंच. मग अख्खं दुसरं 'आधी' घेतलं आणि आधी थोडी जागा सोडली. तुकडा साडेनऊ सेकंदांचा झाला. आधी फक्त ऐकून पाहिला, मग आवाज बंद करून फक्त बघितला. आवाज बंद केल्यावर एक उडी अजून दिसते, 'यायच्या' आणि 'आधी'च्या मध्ये. मामा तिथे डावीकडे आंब्याकडे बघतात आणि परत कॅमेऱ्याकडे. 

आणि अजून एक सापडलंय. व्हिडिओच्या शेवटाकडे एका कटला चेहरा एकदम उजळतो. मी काही केलेलं नाही.

कातरवाला

डावीकडे बघतात तिथे त्यांना आंब्याकडे बघू द्या आणि आंबाच दाखवा. दोन सेकंदांचा शॉट, त्याच्या खाली जोड. 

उजळणं म्हणजे मोबाइलचं ऑटो एक्स्पोजर. रेकॉर्डिंगमध्ये ऊन हळूहळू बदललं, ते सलग बघताना कळत नाही, मधला मिनिट काढला की पायरी दिसते. पुढच्या वेळी चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. आत्ता कटच्या नंतरच्या क्लिपचा गेन थोडा खाली ओढा आणि पुढच्या काही सेकंदांत कीफ्रेमने हळूहळू मूळ जागी आणा.

देवगडची_लेक

कीफ्रेमचं करून बघते. आंब्याचा शॉट मात्र त्या बाजूचा नाहीये, दुसऱ्या झाडाचा आहे. ते चालेल का?

बागायतदार_वाडा

झाड हापूसचंच आहे ना? आणि पालवी त्याच वयाची? मग आम्हाला चालेल. रायवळ दाखवलंत तर पहिली कमेंट माझी असेल.